भाकरीपासून पेजेपर्यंत

खोलीच्या दाराला एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर चारच ओळी असतात. '६१ वर्षांच्या बाई. तक्रार : वजन कमी होत आहे. आजचं वजन ४५.५ किलो, उंची १५० सेंटिमीटर. आहाराच्या अंगाने यांची माहिती घ्या आणि शेवटच्या मिनिटात तुमचा अंदाज परीक्षकांना सांगा.' विद्यार्थी एक मिनिट कागद वाचतो, घंटा वाजते, तो आत जातो. आत एक बाई बसलेल्या असतात आणि कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशा बेताने, परीक्षक. आठ मिनिटांनी पुन्हा घंटा होते. विद्यार्थी पुढच्या खोलीत जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो.

वैद्यकीय महाविद्यालयांत या परीक्षेला 'ऑस्की' म्हणतात. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. त्याआधी (आणि आपल्याकडे त्यानंतरही बराच काळ) परीक्षा म्हणजे लाँग केस, शॉर्ट केस आणि तोंडी. कुणाच्या वाट्याला बोलका रुग्ण यायचा, कुणाच्या वाट्याला वैतागलेला. एकाचे परीक्षक कनवाळू, तर दुसऱ्याचे आदल्या रात्रीच्या ड्यूटीने चिडलेले. ऑस्कीत सगळ्यांना तोच रुग्ण, तोच वेळ आणि तीच गुणपत्रिका मिळते. अशा एकेका खोलीला 'स्टेशन' म्हणतात. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आल्यावर आपल्याकडेही स्टेशनं तयार करण्याचं काम बऱ्याच विभागांच्या अंगावर पडलं आहे.

खोलीतल्या बाई खऱ्या आजारी नसतात. त्यांना रुग्णाची भूमिका शिकवलेली असते. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने असे शिकवलेले रुग्ण पहिल्यांदा वापरले, तेव्हा सहकाऱ्यांना ते थोडं नाटकी वाटलं होतं. नाटक तर ते आहेच. प्रश्न एवढाच असतो की संहिता कशी लिहायची.

आपल्या बाईंना आपण मावशी म्हणू. सोलापूरकडच्या खेड्यातल्या, मुलगा-सुनेजवळ राहणाऱ्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. विद्यार्थी आत आला की त्या एकच वाक्य स्वतःहून बोलतात, 'काय सांगू डॉक्टर, वजन उतरत चाललंय बघा, अंगात जीव राहिला नाही.' बाकी सगळं विद्यार्थ्याने काढून घ्यायचं.

या स्टेशनमागचा आजार आधी सांगून टाकतो, म्हणजे रचना समजेल. मावशींच्या अन्ननलिकेत गाठ वाढते आहे. नळी बरीच अरुंद झाल्याशिवाय घास अडत नाही. अडायला लागतो तेव्हा आधी घट्ट अन्न अडतं, मग मऊ, आणि सगळ्यात शेवटी पातळ. हे महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू होत जातं आणि माणूस त्याच्याशी तितक्याच हळूहळू जुळवून घेतो. भाकरी कुस्करून खातो, मग भातावर येतो, मग पेजेवर. प्रत्येक पायरीला त्याच्याकडे कारण तयार असतं. मावशींचं कारण दात आहे. वरचे बरेच दात पडलेत, त्यामुळे भाकरी चावत नाही, असं त्या मनापासून मानतात.

आता विद्यार्थी काय करतो ते पाहा. पाठ केलेली यादी त्याच्या डोक्यात असते. ताप येतो का? खोकला? तहान जास्त लागते? धडधडतं का? शौचाला कसं होतं? गिळायला त्रास होतो का? या शेवटच्या प्रश्नावर मावशी म्हणतात, 'गिळायचं काय, चावताच येत नाही. दात गेले ना.' विद्यार्थी मनात 'गिळण्याचा त्रास नाही' अशी खूण करून पुढे जातो. स्टेशन इथेच हातातून सुटतं, आणि त्याला ते कळतही नाही.

हे उत्तर संहितेत लिहिलं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की ही लपवाछपवी आहे, विद्यार्थ्याने नेमका प्रश्न विचारला तर नेमकं उत्तर मिळायला हवं. मुद्दा रास्त होता. म्हणून मावशींनी 'नाही' म्हणायचं नाही असं ठरलं. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना जे खरं वाटतं ते बोलतात. बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कुणालाही विचारा, रुग्ण लक्षण सांगत नाही, लक्षणाचा त्याने लावलेला अर्थ सांगतो. तेव्हा पुढचा प्रश्न विचारण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची: 'बरं, मग मऊ भात तरी सरळ खाली उतरतो का?' हे विचारलं की मावशी म्हणतात, 'उतरतो, पण मधे मधे पाणी प्यावं लागतं.' आणि 'घास कुठे अडल्यासारखा वाटतो?' असं विचारलं, तर हात गळ्याकडे न नेता छातीच्या मध्यावर ठेवतात. दाताचं दुखणं असतं तर कुस्करलेला भात पाण्याशिवाय गेला असता.

पण या प्रश्नापर्यंत पोचायचं कसं? त्यासाठीच आहाराची माहिती लागते, आणि ती 'जेवण जातं का?' या प्रश्नाने मिळत नाही. त्याला महाराष्ट्रात एकच उत्तर आहे, 'जातं की.' मावशींनाही तेच शिकवलंय, 'दोन वेळा जेवते, नेहमीसारखी.' वेळा दोनच आहेत, त्यात खोटं काही नाही. ताटात काय असतं, ते कुणी विचारलेलं नसतं.

आहारतज्ज्ञ यासाठी कालच्या दिवसाचा पाढा वाचायला लावतात. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, क्रमाने, वाटी आणि चमच्याच्या मापात. मावशींचा काल असा होता: सकाळी कपभर चहा, त्यात दोन बिस्किटं बुडवून. दुपारी वाटीभर मऊ भात आणि वरणाचं पाणी, त्यातलाही थोडा उरला. चार वाजता पुन्हा चहा. रात्री वाटीभर पेज, मीठ घालून. विद्यार्थी हे ऐकून 'खाणं कमी आहे' असं लिहितो. चूक नाही, पण अर्धंच आहे. म्हाताऱ्या बाईने कमी खाल्लं तर कुणालाच काही वाटत नाही. चित्र पुरं होतं ते त्याला जोडून दुसरा दिवस मागितल्यावर: 'आणि गेल्या दिवाळीत, तब्येत चांगली असताना, असाच एक दिवस सांगा.' मग मावशींचा चेहरा उजळतो. सकाळी शिळी भाकरी आणि चटणी. दुपारी दोन भाकऱ्या, एखादी उसळ, कांदा. रात्री भाकरी नि पिठलं. बाजाराच्या दिवशी अंडी.

हे दोन दिवस शेजारी शेजारी ठेवले की आजार कागदावर दिसायला लागतो. भाकरी कधी सुटली? संक्रांतीच्या आसपास. मग काय खायला लागलात? भात. भात कमी कधी झाला? शिमग्यानंतर. आता पेज. घट्ट, मग मऊ, मग पातळ. मावशींनी 'अडतं' हा शब्द एकदाही उच्चारला नसताना विद्यार्थ्याच्या हातात अन्ननलिकेच्या अडथळ्याचा पाच महिन्यांचा आलेख येतो. आणि भूक? भूक लागते. ताट समोर आलं की खावंसं वाटतं, पण जात नाही. भूकच मेली असती तर विद्यार्थ्याने वेगळ्या दिशेला जायला हवं होतं. भरपूर खाऊनही वजन उतरत असतं, तर मधुमेह, थायरॉइड, आतड्यात न जिरणारं अन्न यांच्याकडे. खावंसं वाटतं पण जात नाही, खावंसंच वाटत नाही, आणि खातो तरी अंगाला लागत नाही, या तीन रस्त्यांतला कोणता, हे आठ मिनिटांतल्या पहिल्या तीनांत कळलं पाहिजे.

घरातल्या कुणाच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. चांगला प्रश्न. त्याचं उत्तर संहितेत आहे, पण फक्त 'कुणासोबत जेवता?' असं विचारणाऱ्यालाच मिळतं. मावशी सगळ्यांचं झाल्यावर, एकट्या, चुलीपाशी बसून जेवतात. घासाघासाला पाणी पिणारी सासू सुनेने पाहिलेलीच नाही. याच प्रश्नातून हेही कळतं की घरात धान्याची टंचाई नाही आणि सून आखडता हात घेत नाही. म्हणजे 'मिळत नाही म्हणून खात नाही' ही शक्यताही निकालात निघते. तोंडावर 'घरात खायला मिळतं का?' असं विचारलं, तर मावशी दुखावतात. परीक्षकाला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं आणि विद्यार्थ्याच्या एकंदर श्रेणीत उतरतं.

वजनाचं गणितही मुद्दाम जरा अडनिडं ठेवलंय. दारावरच्या आकड्यांवरून उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, काढला तर तो २०.२ येतो. सामान्य. घाईतला विद्यार्थी इथे निर्धास्त होतो. पण आजचं वजन एकटं काही बोलत नाही, आधीचं वजन लागतं. मावशींना आकडा माहीत नाही. त्या म्हणतात, 'बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, पोलकी आत घालून शिवली.' विद्यार्थ्याने 'कुठे वजन केलं होतं का याआधी?' असं विचारलं, तर पिशवीतून डोळ्यांच्या शिबिरातला जुना कागद निघतो. दिवाळीनंतरचा, ५२ किलो. म्हणजे पाच महिन्यांत साडेसहा किलो गेले, मूळ वजनाच्या साडेबारा टक्के. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के उतरलं तरी डॉक्टरने थांबून पाहायला हवं, असा सर्वसाधारण दंडक आहे. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या 'मस्ट' नावाच्या कुपोषणाच्या चाळणीत मावशींना बीएमआयबद्दल शून्य गुण मिळतात, पण १० टक्क्यांहून जास्त घट झाल्याबद्दल दोन. आणि तिथे दोन म्हणजे जास्त धोका. आजच्या आकड्याने ज्या ठीक दिसतात, त्या बाई उतरणीवर आहेत.

एक छोटी अडचण तंबाखूची. 'तंबाखू खाता का?' याला मावशींचं उत्तर ठाम आहे, 'छे, काहीतरीच काय!' 'मिसरी लावता का?' याला, 'ती लावते की, सकाळ-संध्याकाळ.' पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलांना मिसरी हा भाजलेल्या तंबाखूचा प्रकार आहे हे दर वर्षी नव्याने कळतं. या प्रश्नाला एकच गुण ठेवलाय. जास्त ठेवला असता तर मिसरी हाच स्टेशनचा कोडवर्ड झाला असता.

पहिल्या मसुद्यात काल चतुर्थी होती. कालचा दिवस उपासाचा, तेव्हा तो नेहमीसारखा धरायचा नाही हे विद्यार्थ्याला सुचतं का, ते पाहायचं होतं. कल्पना सुरेख होती, पण काढून टाकली. साबुदाण्याच्या खिचडीने गिळण्याचा धागा गढूळ होत होता आणि ते निस्तरण्यात विद्यार्थ्याचं एक मिनिट जात होतं. स्टेशन लिहिणाऱ्याला मोह आवरत नाही, त्याला माहीत असलेली प्रत्येक खुबी त्यात घालावीशी वाटते. आठ मिनिटांत एकच गाठ सुटू शकते. उपासाला वेगळं स्टेशन लागेल.

गुणपत्रिका हा यातला सगळ्यात किचकट भाग. सोपा मार्ग म्हणजे पंचवीस-तीस प्रश्नांची यादी करायची आणि विचारला की खूण करायची. पण मग ज्याने बंदूक चालवल्यासारखे तीस प्रश्न झाडले आणि एकाही उत्तराकडे लक्ष दिलं नाही तो पहिला येतो, आणि ज्याने बारा प्रश्नांत घास छातीत अडतोय हे शोधून काढलं तो मागे राहतो. अनुभवी डॉक्टर अशा याद्यांवर विद्यार्थ्यांपेक्षा कमी गुण मिळवू शकतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यांना उत्तर कमी प्रश्नांत मिळतं. म्हणून प्रश्न मोजणं बंद केलं आणि सापडलेलं मोजायला घेतलं. एकूण वीस गुण. वजनाचा इतिहास आणि टक्केवारी यांना चार. तेव्हाचा आणि आताचा दिवस मिळवण्याला सहा. काय उतरतं, काय अडतं, कुठे अडतं याला चार. ताप-खोकला, तहान-लघवी, मनाची अवस्था यांसारख्या बाकीच्या शक्यता चाचपण्याला मिळून दोनच. मिसरीला एक. आणि शेवटच्या मिनिटातल्या अंदाजाला तीन.

याखेरीज परीक्षक गुणांची बेरीज न करता एक एकंदर श्रेणी देतो: नापास, सीमेवर, ठीक, चांगला, उत्तम. विद्यार्थ्याने मावशींना बोलू दिलं का, 'आजी' म्हणाला की 'पेशंट', एका उत्तरावरून पुढचा प्रश्न निघाला की यादीवरून, हे सगळं तिथे येतं. पास होण्याचा आकडाही याच श्रेणीतून काढता येतो. ज्यांना 'सीमेवर' अशी श्रेणी मिळाली, त्यांच्या गुणांची सरासरी समजा ११ आली, तर त्या स्टेशनची पासाची रेघ ११ वर. स्टेशन अवघड निघालं तर रेघ आपोआप खाली येते. मात्र सीमेवरचे विद्यार्थी तीन-चारच असतील तर ही सरासरी भरवशाची राहत नाही. मग सगळ्यांचे गुण आणि श्रेणी आलेखावर मांडून त्यांतून सरळ रेषा काढावी लागते.

मावशींचं काम करणाऱ्या बाईंबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आमच्याकडे हौशी रंगभूमीवरच्या एक बाई आणि निवृत्त शिक्षिका अशा दोघी आळीपाळीने बसतात, कारण सकाळपासून दुपारपर्यंत तोच चहा आणि तीच पेज सांगणं एकीच्या आवाक्यातलं नाही. अभिनय येणं दुय्यम आहे, गप्प बसणं येणं महत्त्वाचं. संहितेत माहितीचे तीन थर आहेत: स्वतःहून सांगायचं, मोकळा प्रश्न विचारल्यावर सांगायचं, आणि नेमकं विचारल्यावरच सांगायचं. पहिल्या काही विद्यार्थ्यांपर्यंत हे थर शाबूत असतात. मग बाईंना दया यायला लागते. घामाघूम झालेला मुलगा समोर बसला की त्या हळूच छातीवर हात ठेवतात, कुणी विचारलेलं नसताना. शिक्षिकाबाईंची ही सवय जाता जाईना, शेवटी हात मांडीवर पिशवी धरून ठेवायचे असं ठरवलं. दोघींतला फरक पाहायला दोघींच्या गटांची सरासरी वेगवेगळी काढतो. एकीकडची मुलं सातत्याने वर असली, तर मुलं हुशार म्हणण्याआधी बाई बोलक्या झाल्यात का ते तपासायचं.

आणि एवढं सगळं करूनही दुपारच्या सुट्टीत बातमी फुटते. सकाळची तुकडी जेवायला बाहेर पडली की कॅन्टीनमध्ये 'मावशीची अन्ननलिका' सगळ्यांना ठाऊक होते. तुकड्या वेगळ्या ठेवणं, मोबाइल काढून घेणं, हे सगळं करून पाहिलं जातं आणि थोडंफार चालतं. त्याहून बरं चालतं ते दुसऱ्या मावशी तयार ठेवणं. दुपारी खोलीत त्याच वयाच्या बाई बसतात, तेच पहिलं वाक्य बोलतात, त्याही भाकरी सोडून भातावर आलेल्या असतात. दारावरचं वजन मात्र ४८ आहे आणि पिशवीतला कागद तोच ५२ चा. म्हणजे घट सुमारे पावणेआठ टक्के, मस्टच्या चाळणीत एक गुण. यांचे दात पाच महिन्यांपूर्वी काढलेत, कवळी बसवली ती टोचते म्हणून डब्यात पडून आहे. मऊ भात यांना वाटीभर नीट जातो, पाणी लागत नाही, शिरा तर आवडीने खातात. छातीत काही अडत नाही. 'अन्ननलिकेचा कर्करोग, ताबडतोब दुर्बिणीची तपासणी' असं आत शिरतानाच ठरवून आलेल्या विद्यार्थ्याचे अंदाजाचे तीन गुण इथे जातात. इतक्या घटीला साध्या तपासण्या याही बाईंच्या करायला हव्यातच. पण पहिली चिठ्ठी दंतवैद्याकडची, आणि तोवर भातावर घट्ट वरण, अंडं, दही, दुधात शिजवलेली नाचणी, असं उत्तर देणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. सकाळच्या मावशींना जो विद्यार्थी दंतवैद्याकडे पाठवेल, त्याला शून्य.